पोकळ प्लास्टर आणि 'असे गृहीत धरले आहे'

शनिवारची सकाळ. दुसरा चहा हातात आणि खिडकीबाहेर चक्क रंगवलेली भिंत. आमच्या अँटॉप हिलच्या बिल्डिंगला रंग लागून आता बरेच महिने झालेत, तरी मला अजून सवय झालेली नाही. त्या भिंतीमागे एक एक्सेल शीट आहे. माझी. आज तिची गोष्ट सांगते.

तर झालं असं, की आमची सोसायटी म्हणजे तळमजला अधिक चार मजले, दोन विंग, चाळीस घरं. १९८४ साली बांधलेली. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमचं (उशिरा का होईना) सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. रिपोर्ट आला, त्याच्यासोबत कामाचं अंदाजपत्रक आलं आणि सेक्रेटरी काका रविवारी सकाळी आमच्या दारात.

"अगं, तू इंजिनीअर ना? हे जरा बघ."

"काका, मी सॉफ्टवेअरची. मला सिमेंट नि वाळूतला फरक कळतो, तेवढंच."

"मग काय झालं? आकडे तर कळतात ना!"

आकडे कळत होते. कामाचे ४९ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कन्सल्टंटची फी दीड लाख धरून एकूण ५९ लाख ३२ हजार. घरटी साधारण १ लाख ४८ हजार. आणि सगळ्यात खाली एक ओळ, "कंटिन्जन्सी १०%", जिच्यावर काकांनी स्वतःच पेनाने काट मारली होती. कमिटीतल्या एकाचं म्हणणं होतं, "हा दहा टक्के कसला? कॉन्ट्रॅक्टरला चरायला कुरण!"

सोसायटीच्या रिपेअर फंडात पैसे असतील ना, असं मला भाबडेपणाने वाटलं होतं. पण या फंडाची किमान वर्गणी ठरते ती फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला ०.७५ टक्के. तो खर्च म्हणजे जमीन सोडून, नि तोसुद्धा १९८४ चा! ज्या घराला तेव्हा ऐंशी हजार लागले, त्याची वर्षाची वर्गणी झाली सहाशे रुपये. आमच्या सभासदांनी चाळीस वर्षं किमानच भरलं. त्यामुळे फंडात जे होतं त्यात फार तर जिन्याची ट्यूबलाइट बदलली असती. थोडक्यात, सगळे पैसे घराघरातून गोळा करायचे होते.

आणि इथे मला २०१० आठवलं. मी तेव्हा बारा वर्षांची. तेव्हाही दुरुस्ती निघाली होती, बारा लाखांची. फेब्रुवारीत पैसे संपले. दुसऱ्यांदा पैसे मागितले तर अर्ध्या लोकांनी दिले, अर्ध्यांनी "आधीचा हिशोब दाखवा" म्हणत दार लावून घेतलं. कॉन्ट्रॅक्टर घाईघाईत जमेल तेवढं लिंपून निघून गेला आणि बांबूची परांची अख्खा पावसाळा तशीच बिल्डिंगला लटकून होती. आम्ही पोरं तिच्यावर चढायचो. मोठी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

म्हणून मी काकांना म्हटलं, बघते. पण आधी त्या कन्सल्टंट साहेबांना भेटूया.

साहेब साठीचे, शांत. मी विचारलं, "सर, ४९ लाखांतला कुठला आकडा तुम्हाला नक्की माहीत आहे?"

ते हसले. म्हणाले, "हा प्रश्न सोसायट्यांनी विचारायला हवा, कोणी विचारत नाही."

मग त्यांनी पेन्सिलीने अंदाजपत्रकाचे दोन भाग केले. पहिल्या भागात परांची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग, पाइप आणि मलबा उचलणं. ही कामं डोळ्यांना दिसतात. टेप लावा, मोजा, दराने गुणा. यांची बेरीज २४ लाख ४० हजार. यात फार चूक व्हायला जागा नाही. दुसऱ्या भागात चार कामं: पोकळ झालेलं बाहेरचं प्लास्टर फोडून नवीन करणं, बीम-स्लॅबचं फुटलेलं काँक्रीट पॉलिमर मॉर्टरने भरणं, कॉलमना मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट घालणं आणि गंजलेल्या सळयांच्या जोडीला नव्या सळया टाकणं. यांची बेरीज २४ लाख ६० हजार. म्हणजे निम्मं बजेट, आणि हे निम्मं प्लास्टरच्या आत दडलेलं!

"मग तुम्ही मोजलं कसं?"

"जिथे हात पोचला तिथे हातोडीने ठोकून. जिन्यातून, खिडक्यांतून, तळमजल्यावरून. भरीव प्लास्टर ठण वाजतं, सुटलेलं ढब वाजतं. वरच्या मजल्यांचं बाहेरून बघून. परांचीशिवाय तिथे पोचणार कसं?"

म्हणजे 'बाहेरच्या २०,००० चौरस फुटांपैकी ४० टक्के प्लास्टर बदलावं लागेल' हे वाक्य मोजमाप नव्हतंच. ते गृहीतक होतं. फक्त अंदाजपत्रकात ते ८,००० चौ. फूट × १२० रुपये = ९,६०,००० असं छापून आलं की ते एकदम ठाम दिसतं. शेवटच्या हजारापर्यंत हिशोब केलेला, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. (आमच्या ऑफिसातली एस्टिमेट्स आठवली का? मलाही!)

आत काय होतं तेही त्यांनी समजावलं. काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो तसा तो गुण कमी होतो, आणि आमच्याकडे भर म्हणून खाडीवरून येणारी खारी हवा. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून ढकलतो आणि काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो. बाहेरून दिसतो तो केसाएवढा तडा. आतली सळई बोटाएवढी राहिलीय की पेन्सिलीएवढी, हे फोडल्याशिवाय कळत नाही.

घरी येऊन मी चार लपलेल्या कामांपुढे दोन-दोन आकडे लिहिले. एक साहेबांचा अंदाज, दुसरा 'वाईटात वाईट, पण घडू शकेल असा'. दुसरा आकडा मी साहेबांनाच विचारून भरला. प्लास्टर ४० ऐवजी ६० टक्के निघालं तर ४ लाख ८० हजार जास्त. पॉलिमर मॉर्टर २,५०० ऐवजी ४,००० चौरस फूट, ६ लाख जास्त. कॉलम जॅकेटिंग १ लाख ९५ हजार जास्त. सळया ८८ हजार जास्त.

आता या चार फरकांचं करायचं काय? मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेली हुशारी केली. सगळंच एकदम वाईट कशाला होईल? एक वाढेल, दुसरं कमी होईल. म्हणून सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं:

```
=SQRT(SUMSQ(D2:D5))
```

उत्तर आलं जवळजवळ ८ लाख. मोठ्या अभिमानाने साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"हे सूत्र केव्हा चालतं? जेव्हा चारही गोष्टी एकमेकांशी संबंध नसलेल्या असतात तेव्हा. इथे प्लास्टर का सुटलं? आतली सळई फुगली म्हणून. काँक्रीट का फुटलं? सळई फुगली म्हणून. नवी सळई का टाकायची? जुनी गंजली म्हणून. चौघांचा बाप एकच. एक वाईट निघालं की चारही वाईट निघणार."

माझा चेहरा पडला असणार. कारण बरोबर होतं ते! एकाच सर्व्हरवर चार सर्व्हिसेस ठेवून 'चारही एकदम कशा बंद पडतील' असं म्हणण्यासारखं होतं माझं गणित. साधी `=SUM(D2:D5)` लावली तर आकडा आला १३ लाख ६३ हजार. आणि वाढीव कामावरही जीएसटी लागतोच, हे मी विसरले होते. तो धरून १६ लाख ८ हजार. म्हणजे एकूण ७५ लाख ४० हजार, घरटी १ लाख ८८ हजार.

सरसकट १० टक्क्यांत मला काय खटकत होतं ते आता नीट कळलं. ते दहा टक्के रंगावरही लागत होते, जिथे गरज नव्हती, आणि काँक्रीटच्या दुरुस्तीवरही दहाच, जिथे साठ टक्के लागू शकत होते. राखीव रक्कम एकूण खर्चावर नव्हे, तर जिथे माहिती कमी आहे तिथे ठेवायची असते.

पण घरटी १ लाख ८८ हजार ऐकून सभा कशी झाली असती ते मला दिसत होतं. तेव्हा साहेबांनीच दुसरा रस्ता दाखवला. सगळा पैसा बाजूला ठेवण्याआधी थोडा पैसा माहितीवर खर्च करा. एका बाजूला तात्पुरती परांची बांधा, इंच-इंच ठोकून बघा, पाच-सहा ठिकाणी प्लास्टर फोडून सळई उघडी करा. खर्च साठ हजार, तेवढे फंडात होते.

मी म्हटलं पश्चिमेची भिंत घेऊ, तिथेच सगळ्यात जास्त भेगा आहेत. साहेब म्हणाले पश्चिमेची घ्याच, पण पूर्वेचा एक पट्टाही घ्या. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिम-दक्षिण नेहमीच जास्त खराब. नुसती पश्चिम बघून अख्ख्या बिल्डिंगचा हिशोब कराल तर उगाच घाबराल.

पश्चिमेला ५५ टक्के प्लास्टर पोकळ निघालं, पूर्वेच्या पट्ट्यात ३५ टक्के. पश्चिम आणि दक्षिण मिळून ९,००० चौरस फूट आणि उरलेल्या ११,००० ला पूर्वेचा आकडा, असं धरून झाले ८,८०० चौरस फूट, म्हणजे ४४ टक्के. बाकीची तीन कामंही उघड्या सळया बघून पुन्हा मोजली. मूळ अंदाज ४९ वरून ५२ लाखांवर गेला. पण वाईटात वाईट अंदाज खाली आला! ६० टक्क्यांची भीती आता ५२ टक्क्यांवर आली होती, आणि राखीव रक्कम जीएसटी धरून १६ लाखांवरून ७ लाख ७० हजारांवर. एकूण ७० लाख ६० हजार, घरटी १ लाख ७६ हजार ५००. इमारत यामुळे एका रुपयानेही स्वस्त झाली नव्हती, हे लक्षात घ्या. फक्त आपल्याला काय माहीत नाही, तेवढं कमी झालं होतं.

मग मी शीटला दुसरा टॅब जोडला: 'असे गृहीत धरले आहे'. प्रत्येक गृहीतकापुढे तीन रकाने. कशावरून धरलं, खोटं ठरलं तर अंदाजे किती रुपये, आणि खरंखोटं केव्हा कळेल. नमुन्यादाखल दोन ओळी:

– बाहेरचं प्लास्टर ४४ टक्के बदलावं लागेल. आधार: दोन भिंतींची ठोकून तपासणी. दर एक टक्का वाढीला सुमारे २८ हजार (जीएसटीसह). कळेल: प्रत्येक बाजूची परांची बांधल्यावर आठवड्याभरात.

– बाहेरचं काम ३१ मेपर्यंत संपेल. आधार: मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. खोटं ठरलं तर परांचीचं वाढीव भाडं आणि झाकपाक, महिन्याला अंदाजे एक लाख. कळेल: मे महिन्यात.

दुसऱ्या रकान्याचा फायदा सभेत कळला. जिथे किंमत लिहिलेली असते तिथे लोक भांडत नाहीत, प्रश्न विचारतात. तेच "कुरण" वाले काका म्हणाले, "हे सात लाख सत्तर कॉन्ट्रॅक्टरला दिसणार का?" अगदी योग्य प्रश्न! उत्तर: नाही. त्याच्या कराराची रक्कम ५२ लाखांचीच. राखीव रक्कम सोसायटीच्या वेगळ्या खात्यात. करारात फक्त एवढं लिहून घेतलं की परिमाण वाढलं तरी दर तोच राहील, आणि उघडलेली जागा झाकण्याआधी साहेबांनी आणि कॉन्ट्रॅक्टरने मिळून मोजून मेजरमेंट बुकात सह्या करायच्या. एकदा प्लास्टर चढलं की आत २५ मिलिमीटर मॉर्टर भरलंय की १२, हे सांगायला देवही येत नाही.

रक्कम काढायचा नियमही तिथेच ठरवला. लिहिलेलं गृहीतक खोटं ठरलं तरच पैसे निघतील. पन्नास हजारांपर्यंत कमिटी, त्यावर सभा. एकाने लगेच "उरले तर प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट बसवू" अशी सूचना केली. ग्रॅनाइट हे अनपेक्षित संकट नाही, ते नवीन काम आहे. त्यासाठी वेगळे पैसे, वेगळी सभा. (ग्रॅनाइट अजून बसलेलं नाही. काका अजून नाराज आहेत.)

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. पेन्शनवर एकट्या राहतात. २०१० मध्ये दुसऱ्यांदा पैसे न दिलेल्यांत त्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "मला आज पावणेदोन सांगताय ना, मी एफडी मोडून देते. पण आज दीड सांगून मार्चमध्ये परत दारात येऊ नका. मागच्या वेळी माझ्याकडे खरंच नव्हते. कुणी विश्वास ठेवला नाही."

सभागृहात (म्हणजे पार्किंगमध्ये) एकदम शांतता. ठराव मंजूर झाला.

काम डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. दर बाजूची परांची चढली की मी टॅबमधली ओळ अपडेट करून नोटीस बोर्डावर लावायचे. शेवटी प्लास्टर ४८ टक्के निघालं. चारही लपलेली कामं वाढली, अगदी साहेब म्हणाले होते तशी, हातात हात घालून. त्यात ४ लाख ६५ हजार गेले.

आणि मग पाऊस. २६ मे २०२५ ला मान्सून मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर. त्या दिवशी अत्रे चौकाच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, ते तुम्ही पाहिलं असेलच. आमची गच्ची सुदैवाने एप्रिलमध्येच झाली होती, पण दक्षिणेच्या भिंतीचं प्लास्टर आणि रंग राहिला होता. ३१ मेचं गृहीतक सपशेल आपटलं. पण ते लिहिलेलं होतं, त्याची किंमतही लिहिलेली होती. उघडी भिंत ताडपत्रीने झाकली, परांची ठेवली आणि उघडीप बघून काम पुरं केलं. जीएसटी धरून ९४ हजार गेले. कुणीही कुणाच्या नावाने ओरडलं नाही.

ओरडले ते माझ्या नावाने! कारण एक गोष्ट मी लिहायलाच विसरले. भिंतींवरचे एसीचे आउटडोअर युनिट. ते काढून परत बसवायचे कुणी आणि कुणाच्या पैशाने? सभासद समजत होते कॉन्ट्रॅक्टर, कॉन्ट्रॅक्टर समजत होता सभासद, आणि मी समजत होते... खरं सांगायचं तर मी काहीच समजत नव्हते. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं गृहीतक, कागदावर एकही नाही. ज्यांच्याकडे एसी होते त्यांना शेवटी अडीच-अडीच हजार भरावे लागले, आणि आठवडाभर लिफ्टमध्ये... छे, आमच्याकडे लिफ्ट कुठली, जिन्यात माझ्याशी कुणी बोललं नाही. सात लाखांवर भांडण नाही आणि अडीच हजारांवर अबोला!

हिशोब संपला तेव्हा राखीव रकमेतले साधारण २ लाख १० हजार उरले. ते परत करायचे की फंडात टाकायचे यावर सभेत मत घेतलं आणि ते फंडात गेले. आजींनी हात वर केला होता.

एक सांगायचं राहिलं. पश्चिमेची ती पहिली तपासणी चालली होती तेव्हा मी परांचीखाली उभी होते. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बीमवर हातोडी नुसती टेकवली आणि हातभर तुकडा खाली आला. आत गंजलेली सळई, आणि तिच्यावर घाईघाईने थापलेलं साधं सिमेंट. साहेब म्हणाले, "ही जुनी दुरुस्ती दिसते. सळई साफसुद्धा न करता लिंपलंय."

२०१०. फेब्रुवारी. पैसे संपले होते तेव्हाची जागा.

मी फोटो काढला आणि टॅबच्या पहिल्या ओळीत चिकटवला. अजून आहे तिथे.